घन बहुपदी घेऊन सपाट प्लेटवरचा सीमास्तर कसा सोडवायचा

हा प्रश्न मी पहिल्यांदा सोडवला तेव्हा गणित बरोबर होते, तरी एक अख्खी संध्याकाळ चूक शोधण्यात गेली. थराच्या जाडीसाठी माझे उत्तर δ = 4.64 x/√Re असे आले होते आणि पुस्तकात ब्लासियसच्या नेमक्या उत्तराचा आकडा ५.० होता. सात टक्के फरक म्हणजे कुठेतरी सहगुणक चुकला, असे मी धरून चाललो. चूक नव्हतीच; मी चुकीच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून मोजत होतो. तो गोंधळ आणि त्याआधी येणारे दोन खरे खड्डे तुम्हाला टाळता यावेत, म्हणून हे लिहितो आहे.

हाताशी काय हवे: बहुपदीचे संकलन करता येणे, वर्गमूळ देणारा साधा कॅल्क्युलेटर आणि द्रवाची किंवा वायूची घनता ρ व गतिज श्यानता ν. नेव्हिये-स्टोक्स समीकरणे सोडवता येण्याची गरज नाही. या पद्धतीचा फायदाच तो आहे. शेवटच्या पडताळणीसाठी संगणकावर पायथन असेल तर बरे, नसेल तरी अडत नाही.

१. आधी चित्र काढा

एक पातळ सपाट प्लेट प्रवाहाला समांतर ठेवली आहे. लांबून येणारा वेग U सगळीकडे सारखा. प्लेटची पुढची कड म्हणजे x = 0, आणि y प्लेटपासून वर मोजायचा. प्लेटला चिकटलेला थर थांबलेला असतो, त्याच्या वरचा थोडा हलतो, आणि काही मिलिमीटर वर गेले की वेग पुन्हा U होतो. हा पट्टा म्हणजे सीमास्तर. त्याची जाडी δ, आणि ती x बरोबर वाढत जाते.

चित्रात δ ची रेषा काढताना एक गोष्ट मुद्दाम दाखवा: ही रेषा म्हणजे प्रवाहरेषा नाही. बाहेरचा प्रवाह ती ओलांडून आत शिरतो. ती भिंतीसारखी धरली की पुढच्या पायरीचा हिशोब हमखास फसतो.

बाहेरचा वेग U हा x बरोबर बदलत नाही, म्हणून प्लेटच्या लांबीत दाबही बदलत नाही. हे वाक्य चित्राखाली लिहून ठेवा, तिसऱ्या पायरीत ते कामाला येईल.

२. संवेगाचा हिशोब: वरून निसटणारे वस्तुमान विसरू नका

कारमन यांनी १९२१ मध्ये मांडलेली कल्पना साधी आहे. प्रत्येक बिंदूवर समीकरण पाळण्याचा हट्ट सोडायचा आणि पूर्ण थराचा मिळून हिशोब जुळवायचा.

पुढच्या कडेपासून x अंतरापर्यंत, प्लेटपासून h उंचीपर्यंत एक चौकट घ्या. h हा δ पेक्षा मोठा असू द्या. डावीकडून सगळा प्रवाह U वेगाने आत येतो. उजवीकडून तो u(y) वेगाने बाहेर जातो, आणि प्लेटजवळ u कमी असल्यामुळे आत आले तेवढे वस्तुमान उजवीकडून बाहेर पडत नाही. उरलेले वरच्या बाजूने निसटते, आणि जाताना x दिशेचा U वेग घेऊन जाते.

घाईत माणूस डावीकडचा संवेग वजा उजवीकडचा संवेग एवढेच लिहितो आणि ∫ρ(U² − u²)dy मिळवतो. वरून गेलेला संवेग धरला की बरोबर रूप येते. प्लेटच्या एका बाजूवर, दर मीटर रुंदीला लागणारे घर्षणबल असे:

D = ∫ ρ u (U − u) dy = ρ U² θ

इथे θ ही संवेग-जाडी. घर्षणामुळे जेवढा संवेग हरवला, तेवढा वाहून नेणाऱ्या U वेगाच्या थराची जाडी, असा तिचा अर्थ. D म्हणजे भिंतीवरच्या घर्षणताणाची x पर्यंतची बेरीज. म्हणून एकदा विकलन केले की संपूर्ण पद्धतीचा गाभा हातात येतो:

τ_w = ρ U² dθ/dx

वरची बाजू विसरण्याची चूक किती महाग पडते ते सांगून ठेवतो. θ च्या जागी ०.१३९ δ यायला हवे, तिथे ०.५१४ δ येते, आणि शेवटचा घर्षणगुणांक जवळजवळ दुप्पट निघतो. उत्तर दुप्पट आले तर चुकलेला २ शोधण्याआधी चौकटीची वरची बाजू तपासा.

३. घन बहुपदीचे चार सहगुणक: चौथी अट जपून निवडा

आतापर्यंत काहीही अंदाजाने घेतलेले नाही. अंदाज आता येतो. η = y/δ घ्या आणि वेगाचा आकार घन बहुपदी आहे असे माना:

u/U = c0 + c1 η + c2 η² + c3 η³

अज्ञात चार, म्हणून अटीही चार. पहिल्या तीन कोणीही सांगेल. प्लेटवर u = 0. थराच्या कडेला u = U. आणि कडेला वेगाचा आलेख बाहेरच्या सरळ रेषेला गुळगुळीत मिळावा म्हणून तिथे du/dy = 0.

चौथ्या अटीला दोन उमेदवार आहेत आणि दोन्ही रास्त वाटतात. एक, प्लेटवर d²u/dy² = 0. दुसरा, थराच्या कडेला d²u/dy² = 0. मी एकदा दुसरा निवडला होता, कारण आलेख कडेला आणखी गुळगुळीत दिसतो. त्यातून u/U = 3η − 3η² + η³ आले आणि घर्षण खऱ्यापेक्षा २१ टक्के जास्त निघाले.

पहिली अट का श्रेष्ठ, याचे कारण भौतिक आहे. x दिशेचे संवेग समीकरण अगदी प्लेटवर लिहून बघा. तिथे u आणि v दोन्ही शून्य, म्हणून त्वरणाची सगळी पदे गळतात. दाब बदलत नाही, म्हणून तेही पद गेले. उरते फक्त ν d²u/dy² = 0. म्हणजे ही अट आपण सोयीसाठी लावत नाही, समीकरणच ती सांगते. आपल्याला घर्षण हवे आहे आणि घर्षण प्लेटवर घडते, तर हातातली शेवटची अट प्लेटवरच खर्च केलेली बरी.

ही अट c2 = 0 देते, पहिली अट c0 = 0 देते, आणि उरलेल्या दोन अटींतून

c1 + c3 = 1,  c1 + 3 c3 = 0

म्हणजे c3 = −1/2 आणि c1 = 3/2. आपला आकार ठरला:

u/U = (3/2) η − (1/2) η³

कडेला वक्रता मात्र −३ वरून एकदम शून्यावर उडी मारते. कागदावर ते थोडे कुरूप आहे, पण हिशोबाला त्याने फारसा धक्का लागत नाही.

४. या आकारातून फक्त दोन आकडे काढायचे आहेत

पहिला आकडा a = θ/δ. त्यासाठी f = u/U मानून f(1 − f) चे ० ते १ संकलन करायचे. थेट गुणाकार करून सहा पदे लिहिण्यापेक्षा ∫f आणि ∫f² वेगळे काढा, चुका कमी होतात:

∫ f dη = 3/4 − 1/8 = 5/8

∫ f² dη = 3/4 − 3/10 + 1/28 = 17/35

a = 5/8 − 17/35 = 39/280 ≈ 0.1393

मधल्या ओळीतले −3/10 हे मधल्या पदाचे आहे: 2 × (3/2) × (1/2) भागिले 5. इथला दुप्पट करणारा २ गळाला की 3/20 येते आणि a एकदम ऋण निघतो. ऋण संवेग-जाडी म्हणजे प्लेट प्रवाहाला पुढे ढकलते आहे, तेव्हा ही चूक निदान लपत नाही.

दुसरा आकडा b, म्हणजे η = 0 ला f चा चढ. तो 3/2 हे बघताक्षणी कळते. त्यामुळे भिंतीवरचा घर्षणताण, μ = ρν धरून:

τ_w = μ (du/dy) = (3/2) μ U / δ

या टप्प्याला विस्थापन-जाडीही, म्हणजे थर मंदावल्यामुळे बाहेरचा प्रवाह जेवढा वर ढकलला जातो ती उंची, काढून घ्या: δ* = (1 − 5/8) δ = (3/8) δ. ५/८ लाच विस्थापन-जाडी म्हणणारे बरेच भेटतात, पण विस्थापन-जाडी ही १ मधून ५/८ वजा केल्यावर उरणारी बाजू आहे.

५. δ चे समीकरण सोडवा

दुसऱ्या पायरीतल्या सूत्रात दोन्ही आकडे घाला. θ = aδ, आणि a स्थिर आहे, कारण आपण प्रत्येक x ला आकार तोच मानला. फक्त δ बदलतो:

(3/2) μ U / δ = ρ U² (39/280) dδ/dx

δ एका बाजूला घेतला की

δ dδ = (140/13) (ν/U) dx

पुढच्या कडेला थर सुरूच झालेला नाही, म्हणून x = 0 ला δ = 0. संकलन केले की डावीकडे δ²/2 येते. त्यातला २ उजवीकडे न्यायला विसरू नका:

δ² = (280/13) ν x / U

δ = 4.64 x / √Re_x,  Re_x = U x / ν

यातून स्थानिक घर्षणगुणांक:

C_f = τ_w / (½ ρ U²) = 0.646 / √Re_x

आणि L लांबीच्या एका बाजूचा सरासरी गुणांक त्याच्या दुप्पट, C_D = 1.293/√Re_L. दुप्पट का, तर ताण 1/√x प्रमाणे घटतो, आणि अशा फलनाची सरासरी शेवटच्या किमतीच्या बरोबर दुप्पट असते.

६. एक प्लेट पूर्ण मोजू

हवा २० अंश सेल्सियसला: ρ = १.२०४ किलोग्रॅम प्रति घनमीटर, ν = १.५१ × १०⁻⁵ चौरस मीटर प्रति सेकंद. वेग ३ मीटर प्रति सेकंद, प्लेट ०.५ मीटर लांब आणि ०.३ मीटर रुंद.

सगळ्यात आधी रेनॉल्ड्स अंक: Re_L = 3 × 0.5 / 1.51e-5, म्हणजे सुमारे ९९,३००. प्लेटवर प्रवाह साधारण ५,००,००० च्या आसपास खळबळीचा होतो असे धरतात, तेव्हा आपण लॅमिनार पट्ट्यात आहोत. √Re_L = ३१५.२.

मागच्या कडेला थराची जाडी 4.64 × 0.5 / 315.2, म्हणजे ७.३६ मिलिमीटर. संवेग-जाडी त्याच्या ३९/२८० पट, १.०३ मिलिमीटर. विस्थापन-जाडी २.७६ मिलिमीटर.

घर्षणगुणांक तिथे ०.००२०५, आणि ½ρU² = ५.४१८ पास्कल, म्हणून τ_w = ०.०१११ पास्कल. हाच आकडा दुसऱ्या वाटेने काढून बघा: 1.5 μ U / δ मध्ये μ = १.८२ × १०⁻⁵ घातले तरी ०.०१११ च येतो. या दोन वाटा जुळल्या नाहीत, तर पाचव्या पायरीतला २ कुठेतरी हरवला आहे.

एका बाजूचे घर्षणबल: ρU²θ × रुंदी = 10.836 × 0.001025 × 0.3, म्हणजे ०.००३३३ न्यूटन. दोन्ही बाजू मिळून ०.००६६७ न्यूटन. प्रश्नात फक्त ‘प्लेटवरचे बल’ असे लिहिलेले असते तेव्हा एक बाजू की दोन, हे उत्तरात स्पष्ट सांगा.

७. ब्लासियसशी तुलना करताना δ बाजूला ठेवा

ब्लासियस यांनी १९०८ मध्ये याच प्लेटसाठी सीमास्तराची समीकरणे नेमकी सोडवली. त्यांचा C_f चा सहगुणक ०.६६४ आहे, आपला ०.६४६. फरक २.७ टक्के. वरच्या प्लेटवर एका बाजूचे बल त्यांच्या हिशोबाने ०.००३४२ न्यूटन, आपले ०.००३३३.

आता माझी ती वाया गेलेली संध्याकाळ. ब्लासियसच्या उत्तरात वेग U ला कधीच पूर्ण पोचत नाही, तो फक्त जवळ जात राहतो. म्हणून तिथे जाडी म्हणजे वेग ९९ टक्के होण्याची उंची, आणि ती ४.९१ x/√Re येते, जी बहुतेक ठिकाणी ५.० अशी पूर्णांकात लिहितात. आपल्या घन बहुपदीत मात्र δ म्हणजे वेग पूर्ण १०० टक्के होण्याची उंची. ९९ टक्के तर η = ०.९१७ लाच होतात, म्हणजे तुलनेला योग्य आकडा ४.६४ नाही, ४.२६ आहे. मग फरक सात टक्क्यांवरून तेरा टक्क्यांवर जातो! पद्धत बरोबर, घर्षण जवळजवळ अचूक, आणि जाडी तेरा टक्के उणी.

हे चमत्कारिक वाटते, पण कारण सूत्रातच आहे. पाचवी पायरी अक्षरांत केली तर

δ = √(2b/a) · x/√Re,  C_f = √(2ab)/√Re

असे येते. δ मध्ये b/a हा भागाकार आहे आणि C_f मध्ये ab हा गुणाकार. आकाराची निवड थोडी चुकली की भागाकार बराच हलतो. गुणाकार तेवढा हलत नाही, आणि वर वर्गमूळ त्याला आणखी दाबते. सरळ रेषेसारखा ढोबळ आकार घेतला तरी C_f चा सहगुणक ०.५७७ येतो, म्हणजे फक्त १३ टक्के कमी. जाडी मात्र ३.४६ वर घसरते.

म्हणून या पद्धतीच्या उत्तरांवर सारखाच विश्वास ठेवू नका. घर्षण, संवेग-जाडी आणि विस्थापन-जाडी विश्वासाने वापरा. आपली δ* १.७४० x/√Re आहे आणि ब्लासियसची १.७२१. δ मात्र फक्त मोजपट्टी समजा. आतल्या वेगाचा भरवसा या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो. आपल्या प्लेटच्या मागच्या कडेला ३ मिलिमीटर उंचीवर घन बहुपदी १.७३ मीटर प्रति सेकंद देते, ब्लासियस १.८०.

आणखी एक गंमत. बहुपदीचा घात वाढवला की उत्तर सुधारेलच असे नाही. पोलहाउझेन यांची चौथ्या घाताची बहुपदी प्लेटवरची आणि कडेवरची, दोन्ही वक्रता शून्य करते. तरी तिचा C_f चा सहगुणक ०.६८५ येतो, म्हणजे ३ टक्के जास्त. आपली साधी घन बहुपदी तिच्यापेक्षा किंचित जवळ आहे.

८. हाताचा हिशोब पडताळा

अपूर्णांक तसेच ठेवून तपासायचे असेल तर एवढे पुरते:

```python
from fractions import Fraction as F
c = [F(0), F(3,2), F(0), F(-1,2)]
I1 = sum(p/(i+1) for i, p in enumerate(c))
I2 = sum(p*q/(i+j+1) for i, p in enumerate(c)
                     for j, q in enumerate(c))
a, b = I1 - I2, c[1]
print(a, (2*b/a)**0.5, (2*a*b)**0.5)
```

पहिला आकडा 39/280 यायला हवा, पुढचे दोन साधारण 4.641 आणि 0.646. `c` मधल्या संख्या बदलून तिसऱ्या पायरीतला चुकीचा उमेदवार `[F(0), F(3), F(-3), F(1)]` घालून बघा, 3/28, 7.48 आणि 0.802 दिसतील. दोन्ही आकारांत पहिल्या तीन अटी तंतोतंत पाळलेल्या आहेत. फरक फक्त चौथीचा.

९. हे सूत्र कुठे लावायचे नाही

पुढच्या कडेच्या अगदी जवळ सूत्र x = 0 ला अनंत ताण देते. तिथे x च्या मानाने थर पातळ राहत नाही, म्हणून सीमास्तराची गृहीतकेच लागू पडत नाहीत. आपल्या प्लेटवर Re_x = १,००० हे कडेपासून ५ मिलिमीटरवर येते; त्याच्या अलीकडच्या स्थानिक ताणाच्या आकड्याला फार अर्थ देऊ नका. एकूण बल मात्र तेवढे बिघडत नाही, कारण 1/√x चे संकलन मर्यादित राहते.

प्लेट वाकडी असेल किंवा बाहेरचा वेग बदलत असेल, तर तिसऱ्या पायरीतली चौथी अटच बदलते. प्लेटवर d²u/dy² आता dp/dx भागिले μ एवढा होतो, आणि ३/२, ०, −१/२ हे सहगुणक तसेच ठेवून पुढे गेले तर प्रवाह प्लेटपासून सुटतो की नाही हे कधीच दिसणार नाही, कारण b कायम ३/२ राहील. तिथे पोलहाउझेनसारखी दाबाशी बदलणारी बहुपदी लागते, आणि दुसऱ्या पायरीतल्या समीकरणात dU/dx चे पदही परत येते.

तिसरी हद्द लांबीची. ३ मीटर प्रति सेकंद हवेत रेनॉल्ड्स अंक ५,००,००० ला पोचतो तो कडेपासून सुमारे २.५ मीटरवर. कड बोथट असेल किंवा येणारी हवाच ढवळलेली असेल, तर खळबळ त्याच्या बरीच आधी सुरू होते.